सोपी नोटीस, सोपा फॉर्म : बौद्धिक दिव्यांग वाचकांसाठी लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधल्या विशेष शाळांचे शिक्षक, उद्योग केंद्रांतले कार्यकर्ते, पालक आणि एखाद-दुसरे उत्साही क्लार्क जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही. जिथे लोक खरोखर अडतात तिथे सविस्तर लिहिलं आहे.

आमची भाषा साधीच असते. मग हे "इझी रीड" म्हणजे वेगळं काय?

साधी भाषा सगळ्यांसाठी असते. तहसीलची नोटीस साध्या भाषेत लिहिली की दहावी झालेल्या शेतकऱ्यालाही ती एका वाचनात कळते. इझी रीड त्याच्या पुढची पायरी आहे. ज्याला वाचता येतं पण सावकाश, ज्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट राहते, ज्याला वाक्यात न लिहिलेला अर्थ काढता येत नाही, अशा प्रौढ वाचकासाठी ते असतं. त्यात एका ओळीत एकच वाक्य, मोठा टाइप, शेजारी चित्र आणि ठरवून कमी केलेला मजकूर येतो.

आणखी एक फरक आहे, आणि तोच लोक विसरतात. साध्या भाषेतला कागद एकटा लेखक तयार करू शकतो. इझी रीडचा कागद बौद्धिक दिव्यांग वाचकांनी तपासल्याशिवाय पुरा होत नाही. युरोपातल्या 'इन्क्लुजन युरोप' या संघटनेच्या नियमांतही ही अट आहे. फक्त शिक्षकांनी पाहून "छान झालंय" म्हटलेला कागद मोठ्या टाइपातली नोटीस ठरेल, इझी रीड नाही.

याला कायद्याचा काही आधार आहे का? साहेब विचारतात.

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये "संवाद" या शब्दाची व्याख्या दिली आहे. तिच्यात ब्रेल, सांकेतिक भाषा आणि मोठ्या अक्षरांच्या बरोबरीने सोपी भाषाही आहे. त्याआधी २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर शिक्कामोर्तब केलं. सार्वजनिक इमारतींमधल्या पाट्या वाचायला आणि समजायला सोप्या असाव्यात, असं त्या कराराचं नववं कलम सांगतं. टिपणी ठेवायची असेल तर एवढे दोन संदर्भ पुरतात.

एखादी खरी नोटीस घेऊन करून दाखवा ना.

संजय गांधी निराधार योजनेची नोटीस घेऊ. आपल्याकडच्या अनेक प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या खात्यात याच योजनेचे पैसे येतात आणि "पैसे का बंद झाले" ही तक्रारही इथेच सगळ्यात जास्त असते. तहसीलच्या फलकावर लागणारा मजकूर साधारण असा असतो:

"सर्व संबंधित लाभार्थ्यांना कळविण्यात येते की, सदर योजनेअंतर्गत अर्थसहाय्य घेत असलेल्या लाभार्थ्यांनी हयातीचा दाखला तसेच आधार संलग्न बँक खात्याच्या पासबुकाची छायांकित प्रत दि. १२ फेब्रुवारीपर्यंत कार्यालयीन वेळेत समक्ष उपस्थित राहून सादर करावी. विहित मुदतीत कागदपत्रे सादर न केल्यास अनुदान स्थगित करण्यात येईल व त्याची सर्वस्वी जबाबदारी संबंधितांची राहील."

दोनच वाक्यं आहेत, पण वाचणाऱ्याला आठ-नऊ गोष्टी धरून ठेवाव्या लागतात. म्हणून लिहायला बसण्याआधी कागद बाजूला ठेवून एवढंच विचारायचं: हे वाचून माणसाने नेमकं काय करायचं आहे? इथे उत्तर सरळ आहे. त्याने स्वतः तहसीलमध्ये जायचं, तीन वस्तू न्यायच्या आणि ठरलेल्या दिवसांत जायचं. नाही गेला तर काय होईल, हेही त्याला माहीत हवं. "सर्वस्वी जबाबदारी" वगैरे भाग कार्यालय स्वतःच्या बचावासाठी लिहितं, वाचकाला त्याचा उपयोग नसतो. तो गाळायचा. योजनेचं पूर्ण नाव आणि शासन निर्णयाचा क्रमांक मागे जोडलेल्या मूळ नोटिशीत असतोच.

यातून पहिला मसुदा असा निघतो:

तुमचे दर महिन्याचे पैसे
तुम्हाला दर महिन्याला सरकारकडून पैसे मिळतात.
पैसे चालू राहावेत म्हणून तहसील कार्यालयात या.
तुम्ही जिवंत आहात हे तिथे दाखवा.
गुरुवार, १२ फेब्रुवारी हा शेवटचा दिवस आहे.
येताना आधार कार्ड आणा.
बँकेचं पासबुक आणा.
पासबुकाची झेरॉक्स आणा.
तुम्ही आला नाहीत तर पैसे बंद होतील.

हा मसुदा बघून कार्यालयातले लोक खूश होतात. पण अजून काम अर्धंच झालेलं असतं.

मग यात चुकलं काय? वाचायला तर सोपंच आहे.

हा मसुदा घेऊन उद्योग केंद्रात मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करणाऱ्या तीन-चार जणांसोबत बसा. ओळ ओळ वाचून घ्या. पुढे लिहिलेल्या गोष्टी जवळपास ठरल्यासारख्या समोर येतात.

"तुम्ही जिवंत आहात हे दाखवा" या ओळीवर वाचक थांबतो. एकाने सरळ विचारलं होतं, "मी मेलो असं कोण सांगितलं त्यांना?" त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. शब्द सोपे असूनही वाक्य जड होतं, कारण सरकारला अशी शंका का यावी हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून "हयात" समजावत बसण्यापेक्षा तिथे काय घडणार आहे ते लिहायचं: "साहेब तुम्हाला भेटतील. एका कागदावर तुम्ही सही कराल किंवा अंगठा द्याल. या कागदाचं नाव आहे हयातीचा दाखला." अवघड शब्द एकदा तरी ठेवलाच पाहिजे, कारण खिडकीवरचा क्लार्क तोच शब्द वापरणार. तो शब्द कागदावर नसेल तर आपला माणूस तिथे गोंधळतो.

"शेवटचा दिवस" वाचून बरेच जण त्याच दिवशी जायचं असं समजतात. "कधी जाल?" असं विचारलं की उत्तर येतं, "१२ तारखेला." त्या दिवशी तहसीलमध्ये तोबा गर्दी असते, ते वेगळंच. तेव्हा कालावधी पूर्ण द्यायचा: "सोमवार, २ फेब्रुवारी ते गुरुवार, १२ फेब्रुवारी. यातल्या कोणत्याही एका दिवशी या. शनिवारी आणि रविवारी कार्यालय बंद असतं." शेजारी भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी महिन्याची चौकट छापून जायचे दिवस रंगवायचे. यासाठी तारखेआधीच्या काळात नोटीस वाचकाच्या हातात पडायला हवी, हे कार्यालयाला सांगावं लागतं.

"पैसे बंद होतील" या ओळीचा अर्थ काही जणांनी असा लावला की बँकेत आहेत तेही पैसे जातील. एका ताईंनी तर दुसऱ्याच दिवशी सगळे पैसे काढून आणायला भावाला सांगितलं. दुरुस्ती दोन ओळींची होती: "पुढच्या महिन्यापासून नवीन पैसे येणार नाहीत. बँकेत आधी जमा असलेले पैसे तुमचेच राहतील."

चौथी गोष्ट चित्राची. पासबुकाचा फोटो निळ्या मुखपृष्ठाचा होता. ज्याच्या बँकेचं पासबुक हिरवं आहे तो म्हणाला, "हे माझ्याकडे नाही." त्याच्यासाठी पासबुक म्हणजे ती हिरवी वही, दुसरी कोणती नाही. यावर दोन उपाय चालतात: तालुक्यात चालणाऱ्या दोन-तीन बँकांची पासबुकं एकाच फोटोत ठेवा, किंवा रंग नसलेलं रेखाचित्र वापरून खाली "तुमच्या बँकेचं पासबुक" असं लिहा.

शेवटी "तहसील कार्यालय" ही जागा. नाव सगळ्यांना माहीत असतं, जागा सगळ्यांना माहीत असतेच असं नाही. त्यामुळे फाटकाचा खरा फोटो आणि "बस स्टँडवरून चालत जाता येतं" यासारखी एक ओळ लागते. सरकारी इमारतीचं तयार चिन्ह इथे काहीच सांगत नाही.

सुधारलेला कागद अडीच-तीन पानांचा होतो. "एवढ्याशा नोटिशीची तीन पानं?" हा प्रश्न हमखास येतो. हो, होतात. ओळी विरळ असतात आणि प्रत्येक ओळीला चित्र असतं, म्हणून पानं वाढतात. वाचण्याचं ओझं मात्र कमी झालेलं असतं. पानं वाचवायला टाइप बारीक करू नका. पानं फारच वाढली तर मजकुरातलं काय गाळता येईल ते पाहा.

चाचणी नेमकी कशी घ्यायची?

"समजलं का?" असं विचारू नका. याचं उत्तर नेहमी "हो" येतं. समोरच्याला तुम्हाला खूश ठेवायचं असतं, किंवा आयुष्यभर "नाही" म्हटल्यावर ओरडा खाल्लेला असतो. त्यापेक्षा करायचं काय ते विचारा. "हा कागद तुमच्या घरी आला. आता तुम्ही काय कराल?" "पिशवीत काय काय ठेवाल?" "सोबत कुणाला न्याल?" टेबलावर आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, एटीएम कार्ड ठेवून "यातलं काय न्यायचं?" असं विचारणं सगळ्यात चांगलं. हात कुठे जातो ते पाहिलं की कळतं.

आई-वडील किंवा वर्गशिक्षक शेजारी नकोत. ते न राहवून उत्तर देतात, किंवा वाचक त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर ओळखतो. वाचक वेगवेगळे घ्या: एक बऱ्यापैकी वाचणारा, एक अडखळत वाचणारा, शक्य असेल तर एक खेड्यातून येणारा. दोघे एकाच ठिकाणी अडले तर ती ओळ बदला. एकच अडला तर आधी त्याला विचारा, "तुम्ही हे कसं सांगाल?" पुष्कळदा हवं ते वाक्य तोच देतो.

आणि त्यांना मानधन द्या. ते तुमचं काम करत आहेत. चहा-नाश्ता म्हणजे मानधन नव्हे.

वाक्य किती शब्दांचं असावं?

आठ-दहा शब्दांच्या आत ठेवलं तर बहुतेक वेळा निभतं. पण मराठीत वाक्याच्या लांबीपेक्षा क्रियापदाचं रूप जास्त त्रास देतं. "सादर करावे", "जोडण्यात यावी", "घेण्यात येईल" यांत कोण करणार हेच नसतं. "द्या", "जोडा", "तलाठी तुम्हाला देतील" असं लिहिलं की माणूस परत वाक्यात येतो.

दुसरी अडचण "-ल्यास" आणि "-ल्याशिवाय" यांची. "आधार कार्ड आणल्याशिवाय दाखला मिळणार नाही" यात दोन नकार आहेत. वाचकाला शेवटचं "मिळणार नाही" तेवढं आठवतं आणि तो जातच नाही. "आधार कार्ड आणा. मग दाखला मिळेल." असं लिहिलं की तीच गोष्ट सरळ होते. अट टाळता येत नसेल तर "जर... तर..." असे दोन तुकडे दोन ओळींत करा.

तिसरी गोष्ट सामासिक शब्दांची. "उत्पन्नमर्यादा", "लाभार्थीनिहाय", "कार्यालयप्रमुख" असे जोडलेले शब्द वाचताना डोळा मध्येच अडकतो. सोडवून लिहा. ओळीच्या शेवटी शब्द तोडून पुढच्या ओळीत नेऊ नका. "तहसीलदा" वर आणि "रांकडे" खाली, असं झालं की वाचक तिथेच सोडून देतो. तारांकित टीपही नको. जे सांगायचं ते जिथे लागेल तिथेच सांगा.

वेळ, पैसे आणि आकडे कसे लिहायचे?

सव्वा, दीड, पावणे, अडीच, साडे हे शब्द आपल्या तोंडात बसलेले असतात म्हणून लिहिताना लक्षात येत नाहीत. "पावणेअकरा वाजता" वाचणाऱ्याला अकराच दिसतात. मीटिंगची वेळ ठरवणं तुमच्या हातात असेल तर ती पूर्ण तासाचीच ठरवा आणि काटे दाखवणारं घड्याळ शेजारी काढा. काही जण मोबाइलवरचंच घड्याळ वाचतात, म्हणून आकड्यातली वेळही द्या.

एकोणसाठ, एकोणऐंशी असं अक्षरी लिहू नका, आकडाच लिहा. टक्केवारीही नको. "४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या" याऐवजी "ज्यांच्याकडे युडीआयडी कार्ड आहे" असं लिहिता येत असेल तर तसंच करा, पण दोन्ही अटी खरोखर एकच आहेत का ते आधी कार्यालयाकडून तपासून घ्या. रक्कम लिहिताना नोटांचं चित्र पुष्कळ मदत करतं.

आकडे मराठी की इंग्रजी? घरात मोबाइल असतो, त्यावर इंग्रजी आकडे असतात. फोन नंबर तरी इंग्रजी आकड्यांत द्या, कारण तो कीपॅडवर जुळवून दाबायचा असतो. बाकीचं तुमच्या वाचकांना विचारून ठरवा, पण एकदा ठरवलं की एका कागदात सरमिसळ नको.

चित्रं कुठून आणायची? नेटवरची चालतील का?

वस्तू आणि जागा यांचे फोटो तुम्हीच काढा. कार्ड, पासबुक, खिडकी, फाटक. पांढऱ्या चादरीवर एकच वस्तू ठेवून काढलेला मोबाइलचा फोटो पुरतो. आधार कार्डाच्या फोटोत नंबर आणि चेहरा झाका. कृतीसाठी, म्हणजे सही करणं किंवा रांगेत उभं राहणं, रेखाचित्र जास्त बरं, कारण फोटोत मागे इतकं काही असतं की वाचक भलतंच पाहतो.

चित्र ओळीच्या डावीकडे ठेवा, आधी नजर तिथे जाते. एका ओळीला एकच चित्र. पानभर कोपऱ्याकोपऱ्यात फुलं आणि झेंडे लावू नका. ते सजावट आहेत हे तुम्हाला माहीत असतं. वाचक मात्र त्यांचा अर्थ शोधत बसतो. मुलांची कार्टून चित्रंही नकोत. वाचक पस्तीस-चाळीस वर्षांचा असतो आणि ते त्याच्या मनाला लागतं.

म्हणजे लहान मुलांशी बोलतो तसं लिहायचं नाही?

अजिबात नाही. "तुम्ही" म्हणा. गावात त्याला सगळे "तू" म्हणत असले तरी सरकारी कागदावर "तुम्ही"च. "छान छान", "बरं का", उद्गारचिन्हं, हे सगळं काढा. दारू, लैंगिक छळ, मृत्यू, कर्ज यांबद्दलची माहिती पुसट करायचीही गरज नाही. ती सरळ आणि लहान वाक्यांत लिहायची.

फॉन्ट आणि छपाईबद्दल सांगा.

टाइप किमान १६ चा घ्या. इंग्रजीसाठी १४ सांगतात, पण देवनागरीत वरखाली मात्रा आणि खाली जोडाक्षरं येतात, त्यामुळे तेवढ्याच आकड्यात अक्षर बारीक दिसतं. दोन ओळींत दीडपट जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. डावी बाजू सरळ आणि उजवी मोकळी ठेवा. दोन्हीकडे ताणून बसवलं की शब्दांमध्ये भोकं पडतात.

वळणदार लग्नपत्रिकेचे फॉन्ट वापरू नका. अनेक फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. बालभारतीच्या पुस्तकावर वाचायला शिकलेला माणूस तिथे क्षणभर थबकतो. मराठी वळण देणारा फॉन्ट मिळत असेल तर तोच घ्या. फॉन्ट युनिकोड हवा. डीटीपीवाल्याने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की खिचडी दिसते आणि मोबाइल ती मोठ्याने वाचूनही दाखवू शकत नाही.

आता एक गोष्ट जी परदेशी मार्गदर्शिकांत सहसा नसते. तुमचा रंगीत सुंदर कागद शेवटी तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात जाणार आहे. प्रतीची प्रत निघते आणि फोटो काळा ठिक्कर होतो. म्हणून अंतिम करण्याआधी एकदा झेरॉक्सची झेरॉक्स काढून बघा. आधार कार्ड आणि एटीएम कार्ड वेगळं ओळखू येतंय का? येत नसेल तर रेखाचित्राकडे वळा. "लाल अक्षरातलं वाचा" असं तर कधीच लिहू नका.

फॉर्मचं काय? त्यात तर माहिती भरायची असते.

फॉर्म नोटिशीपेक्षा कठीण असतो, कारण इथे वाचून झाल्यावर लिहायचंही असतं. सगळ्यात आधी प्रश्न कमी करा. जी माहिती कार्यालयाकडे आधीच आहे ती छापून द्या आणि "बरोबर आहे / चूक आहे" एवढंच विचारा.

एका अक्षराला एक चौकोन देणारे फॉर्म मराठीत आणणं ही शुद्ध शिक्षा आहे. "कृष्णा" किती चौकोनांत लिहायचं? "क्षीरसागर" मधली वेलांटी कुठे टाकायची? शिकलेली माणसं अडतात. त्याऐवजी एक लांब, रुंद, मोकळी पट्टी द्या. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव यांना तीन वेगळ्या पट्ट्या. नाहीतर कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी नंतर.

"लागू नसल्यास खोडावे" हा प्रकार काढून टाका. खोडणं म्हणजे चूक, असं वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं. बरोबरची खूण करायचे चौकोन द्या आणि पर्याय एकाखाली एक ठेवा. "होय/नाही" शेजारी शेजारी छापले की खूण नेमकी मध्ये येते.

काही प्रश्न वाचकाला कितीही सोपे केले तरी जमणार नाहीत. "कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न" हा त्यातलाच. तो सोपा करण्यात वेळ घालवू नका. त्या भागावर स्पष्ट लिहा: "हे घरच्या माणसाला विचारून भरा." आणि "तुम्हाला कशात मदत लागते?" यासारख्या प्रश्नांवर लिहा: "याचं उत्तर तुम्हीच द्या." असं न लिहिल्यास अख्खा फॉर्म भाऊच भरून टाकतो. सोबत एक भरलेला नमुना जोडा, पण त्यातलं नाव आणि पत्ता उघड खोटं वाटेल असं ठेवा. नाहीतर काही जण नमुन्यातलंच नाव उतरवून काढतात.

आमच्याकडे घरात अहिराणी बोलतात. मग कागद अहिराणीत लिहायचा का?

हा खास आपल्याकडचा प्रश्न आहे आणि त्याचं एकच उत्तर नाही. बोलायची भाषा अहिराणी, लेवा गणबोली, तडवी किंवा धडगावकडे पावरी असली, तरी वाचायला शिकवलं जातं ते मराठीत. अहिराणीत छापलेलं फारसं कुणी वाचलेलं नसतं. जो अक्षर अक्षर जुळवून वाचतो त्याला अनोळखी स्पेलिंग अधिक जड जातं. त्याला "इथे" हा शब्द नजरेने ओळखता येतो. "आठे" तो रोज बोलतो, पण कागदावर पाहिलेला नसतो.

म्हणून आम्ही असं करतो: कागद मराठीत आणि त्याच मजकुराचं रेकॉर्डिंग अहिराणीत. रेकॉर्डिंग ओळखीच्या माणसाच्या आवाजात असेल तर वाचक ते पुन्हा पुन्हा ऐकतो. मराठीत लिहितानाही खानदेशात रोज चालणारा शब्द निवडा. छायांकित प्रत नव्हे, झेरॉक्स. धनादेश नव्हे, चेक. नंदुरबारच्या दुर्गम भागासाठी हा पर्यायही पुरेसा नसतो. तिथे चित्रं आणि समोरासमोर सांगणं यावरच भर द्यावा लागतो, आणि सांगणारा त्या भाषेतला हवा.

ज्यांना मुळीच वाचता येत नाही त्यांना याचा उपयोग काय?

एकट्याने वाचण्यासाठी काही नाही, हे मान्य करूनच लिहायला बसा. पण घरात कुणीतरी वाचून दाखवतं. अवघड नोटीस वाचून दाखवणारा स्वतःच थकतो आणि "तुला पैशासाठी तहसीलला जायचंय" एवढंच सांगून मोकळा होतो. सोप्या कागदावरून तो ओळीगणिक बोट ठेवून सांगू शकतो आणि समोरचा चित्र बघत प्रश्न विचारतो. पुष्कळदा याच वापरासाठी हा कागद सगळ्यात जास्त कामाला येतो. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या काही जणांसाठी मात्र कागद हे माध्यमच चालत नाही. तिथे प्रत्यक्ष वस्तू दाखवून आणि ती जागा आधी एकदा नेऊन दाखवून काम करावं लागतं.

सोप्या कागदावर सही घेतली तर ती कायदेशीर धरतात का?

सोपा कागद समजून घेण्यासाठी असतो, सही मूळ कागदावर होते. दोन्ही एकत्र टाचा आणि सोप्या कागदाच्या वर "ही माहिती समजण्यासाठी आहे. खरा कागद मागे आहे." असं लिहा. दोहोंत फरक राहिला तर अडचण होते. म्हणून तारीख, रक्कम आणि कागदपत्रांची यादी मूळ कागदाशी जुळवून घेणारा दुसरा माणूस हवाच.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. २०१६ च्या कायद्याचं तेरावं कलम दिव्यांग व्यक्तींची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मानतं आणि चौदावं कलम मर्यादित पालकत्वाची व्यवस्था सांगतं. त्यामुळे "याला काय कळतंय, तुम्हीच सही करा" म्हणत कागद थेट भावापुढे सरकवणं बरोबर नाही. आधी कुणी पालक नेमलेला आहे का ते पाहा. नेमलेला असला तरी माहिती त्या माणसाला द्यायचीच.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना काय करायचं?

तीन पानांची पीडीएफ पाठवली तर ती सहसा उघडलीच जात नाही. प्रत्येक मुद्द्याचं वेगळं चित्र करा, एकावर एकच गोष्ट, आणि ती क्रमाने पाठवा. खाली तोच मजकूर टाइप करूनही टाका, म्हणजे फोन तो वाचून दाखवू शकेल. शेवटी आवाजातला मेसेज. फॉरवर्ड झाल्यावर क्रम बिघडतो, म्हणून प्रत्येक चित्रावर "३ पैकी १" असं न लिहिता नुसता मोठा १, २, ३ टाका. "पैकी"चा हिशेब अनेकांना लागत नाही.

साहेब म्हणतात, शासनाचा मसुदा बदलता येत नाही. मग?

बदलू नका. मूळ नोटीस तशीच फलकावर राहू द्या आणि शेजारी सोपा कागद लावा. आवक-जावकच्या भाषेत त्याला "माहितीपत्रक" म्हणा, परवानगी लवकर मिळते. पहिल्यांदा कार्यालयाला विचारताना सगळे फॉर्म बदलण्याचा प्रस्ताव घेऊन जाऊ नका. ज्या एका नोटिशीमुळे खिडकीवर सगळ्यात जास्त लोक परत परत येतात ती निवडा, त्या क्लार्कलाच विचारा, आणि तयार केलेला कागद त्याच्याच हाताने फलकावर लावून घ्या. फलक मात्र उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर हवा. जाळीच्या दाराआड, वरच्या कोपऱ्यात आणि गेल्या वर्षीच्या तीन नोटिशींखाली टाचलेला कागद कितीही सोपा असला तरी कुणाच्या नजरेस पडत नाही. तारीख उलटली की तो काढण्याचं काम कुणाचं, हेही त्याच दिवशी ठरवून घ्या, कारण जुन्या तारखेचा सोपा कागद वाचून माणूस विश्वासाने भाडं खर्चून येतो आणि तसाच परत जातो.